खुर्ची, दोन दगड आणि गतिज ऊर्जा

मला अजूनही राग येतो. चाळीस वर्षं होत आली, रिटायर होऊनही बरीच झाली, पण टीव्हीवर बर्फावर गिरक्या घेणारी ती बाई दिसली की माझे हात आपोआप कमरेवर जातात. ती हात पसरून फिरते, मग हात छातीशी घेते आणि भिंगरीसारखी गरगरते. घरातले "वा वा" म्हणतात. मी म्हणते, "तिची गतिज ऊर्जा वाढली." माझा नवरा म्हणतो, "झालं, सुरू झाली." तो बिचारा त्या काळातही हेच म्हणायचा.

ऐंशीच्या दशकात मी भंडारा जिल्ह्यातल्या, महामार्गावरच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागले. समोरून दिवसभर ट्रक जायचे, खिडक्या उघडल्या तर फळ्यावर धूळ आणि बंद केल्या तर आम्हीच उकडून निघायचो. बारावी सायन्सच्या दोन तुकड्या होत्या. एक विभागप्रमुख सरांची, दुसरी माझी. सर वीस वर्षांचे अनुभवी, आणि त्यांच्या नोट्सचा दबदबा लाखनीपासून भंडाऱ्यापर्यंत. त्या नोट्स मोठ्या भावाकडून लहान भावाकडे जायच्या, वहिनीच्या माहेरी जायच्या, चुलतभावाच्या मित्राकडे जायच्या. धानाचं बियाणं जपावं तशा लोक त्या वह्या जपायचे. सर वर्गात येऊन त्याच नोट्स पुन्हा सांगायचे, मुलं पुन्हा उतरवून घ्यायची. पुस्तक उघडायची कोणालाच गरज वाटत नसे.

त्या नोट्समध्ये तीन वाक्यं होती. बर्फावर गिरकी घेणारा माणूस हात आत घेतो तेव्हा त्याचा कोनीय वेग, म्हणजे फिरण्याचा वेग, वाढतो. कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोम, कायम राहतो. आणि ऊर्जा अक्षय्य असल्यामुळे गतिज ऊर्जाही कायम राहते.

पहिली दोन बरोबर. तिसरं साफ चूक. आणि ते चुकीचं वाक्य वीस वर्षं पोरं पाठ करत होती.

मी माझ्या तुकडीला हा धडा शिकवायला घेतला तेव्हा पहिली अडचण बर्फाचीच आली. बर्फ म्हटल्यावर आमच्या मुलांना माहीत होता तो गोळेवाल्याचा, नाहीतर मासळीच्या पेटीतला, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला. त्यावर माणसं नाचतात हे कोणाला पटेना. मागच्या बाकावर एक मुलगी बसायची. तिच्या घरचे गावतलावात जाळं टाकायचे आणि आई आठवडी बाजारात मासळी विकायची. ती कधी बोलत नसे. त्या दिवशी मात्र हळूच म्हणाली, "मॅडम, बर्फावर नाचतानी पाय नाई का सुन्न होत?"

वर्ग हसला. मीही हसले, आणि मग मला वाटलं की ज्या गोष्टीनं पाय सुन्न होतात तिच्यावरून यांना फिजिक्स शिकवण्यात काय अर्थ आहे.

अख्ख्या कॉलेजात फिरणारी वस्तू एकच होती, प्राचार्यांची खुर्ची. लोखंडी, हिरव्या रेक्झिनची, नागपूरहून आणलेली. प्राचार्य त्या दिवशी नागपूरला मीटिंगला गेले होते. मी चपराशाला म्हटलं, "खुर्ची आण." तो म्हणाला, "मॅडम, साहेबाची खुर्ची हाय जी ते." मी म्हटलं, "साहेब नाहीत ना त्यात बसलेले? मग आण." त्याच्याकडूनच शिलाई मशीनचं तेल मागवून मी तिच्या दांड्यात घातलं. वजनं म्हणून केमिस्ट्रीच्या कपाटातले मॅंगनीजचे दोन दगड घेतले. चिखला गावच्या खाणीत वडील कामाला असलेल्या एका मुलानं कधीतरी ते कॉलेजला दिले होते. दिसायला मुठीएवढे, पण हातात घेतले की माणूस दचकायचा, इतके जड.

सगळ्यांना पाळीपाळीनं बसवलं. पाय वर उचलायचे, दोन्ही हातांत दगड, हात पसरलेले. कोणीतरी खुर्चीला एक हलका धक्का द्यायचा आणि सोडून द्यायचं. मग मी म्हणायचे, "घ्या आत." हात छातीशी आले की खुर्ची झर्रकन वेग घ्यायची. परत हात पसरले की सुस्तावायची. मुलं खिदळत होती. मी फळ्यावर लिहीत होते, वस्तुमान आसाजवळ आलं की जडत्व आघूर्ण, म्हणजे फिरण्याला होणारा विरोध, कमी होतं, सोडल्यावर बाहेरून कोणी फिरवलेलं नाही म्हणून कोनीय संवेग तेवढाच राहतो, म्हणून कोनीय वेग वाढतो. खुर्चीचं थोडं घर्षण आहे, ते सोडून द्या.

ती मागच्या बाकावरची मुलगी उतरली आणि दंड चोळत उभी राहिली. मी विचारलं, "काय झालं?"

"मॅडम, हात आत घेतानी दगड बाहीर वढते जी. लय जोर लागते. उभं राहून दगड छातीशी घेतला त तेवढा नाई लागत."

मी खडू खाली ठेवला. एवढं नेमकं वाक्य मी बी.एस्सी.च्या वर्गातही ऐकलं नव्हतं. मी विचारलं, "मग तो जोर गेला कुठं?"

तिनं खुर्चीकडं पाहिलं. "खुर्चीत. थे जोरानं फिराले लागली ना."

झालं. यापेक्षा जास्त काही नाहीच त्यात. फिरत असताना दगड सरळ पुढं निसटायला बघतो, त्याला वळवत ठेवायला आत ओढावं लागतं. आणि ओढत ओढत तो आत आला की आपण काम केलेलं असतं. ते काम गतिज ऊर्जेत जमा होतं. हात पसरले की उलटं होतं, ऊर्जा कमी होते. विश्वातली ऊर्जा वाढलेली नाही, दुपारी खाल्लेल्या भातातली खुर्चीत आली, एवढंच. मी त्यांना गणितही दाखवलं. गतिज ऊर्जा म्हणजे कोनीय संवेग आणि कोनीय वेग यांच्या गुणाकाराच्या निम्मी. संवेग तोच राहून वेग दुप्पट झाला, तर ऊर्जा दुप्पट झालीच पाहिजे. दुसरी वाटच नाही.

ती मुलगी हुशार वगैरे नव्हती, हे सांगितलं पाहिजे. दहावीपर्यंत मराठी शाळा, आणि अकरावीला एकदम सगळं इंग्रजीत. ती वाक्य वाचायची तेव्हा बोट अक्षरांखालून सरकायचं. पण ही एक गोष्ट तिला तिच्या दंडांनी सांगितली होती, म्हणून ती पक्की होती.

फेब्रुवारीत पूर्वपरीक्षा झाली. आमच्या कॉलेजचा एक नियम होता, पूर्वपरीक्षेत नापास तर बोर्डाचं हॉल तिकीट ऑफिसातच अडकवून ठेवायचं. निकालाची टक्केवारी चांगली दिसावी म्हणून. पोराचं वर्ष गेलं तरी चालेल, टक्का जाता कामा नये. पेपरचा पहिला भाग सर तपासायचे, दुसरा मी. बर्फावरच्या माणसाचा प्रश्न पहिल्या भागात आला होता.

गठ्ठा माझ्याकडे बेरजेला आला आणि मी बघत गेले तशी माझी कानशिलं तापत गेली. माझ्या तुकडीच्या पोरांनी, त्याच खुर्चीत बसून खिदळलेल्या पोरांनी, "गतिज ऊर्जा कायम राहते" असं लिहिलं होतं. एकानं नाही, सगळ्यांनी. दुसऱ्या दिवशी मी एकाला पकडलं. म्हटलं, "अरे, तू स्वतः फिरला होतास ना?" तो म्हणाला, "हव मॅडम. पण तपासनार सर होते ना." इतक्या सहज म्हणाला की मला त्याला रागावताही येईना.

एकीनंच खरं लिहिलं होतं. तिच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत, "कायनेटिक एनर्जी इज मोअर. एनर्जी इज कमिंग फ्रॉम हँड्स." त्याखाली लाल शाईची जाड रेघ, समोर प्रश्नचिन्ह, आणि पाचपैकी दोन. तिची एकूण बेरीज आली तेहतीस. पास व्हायला पस्तीस लागत होते. त्या प्रश्नाचे कापलेले तीन मिळाले असते तर ती पास होती.

तिचे मामा भंडाऱ्याला राहायचे. या वर्षी बारावी झाली तर डी.एड.साठी ठेवून घेतो म्हणाले होते, आणि पुढच्या वर्षी त्यांच्याच मुलीचं लग्न होतं, तेव्हा हिला ठेवून घेणं जमणार नव्हतं. म्हणजे जे काय व्हायचं ते याच वर्षी. हे तिनं मला सांगितलं नव्हतं, तिच्या आईनं बाजारात मासळी तोलता तोलता सांगितलं होतं.

मी पेपर घेऊन सरांच्या टेबलाशी गेले. सर सुपारी कातरत होते.

"सर, हे उत्तर बरोबर आहे."

त्यांनी पाहिलं. "मॅडम, ऊर्जा अक्षय्य असते. सातवीतला पोट्टा सांगते."

"एकूण ऊर्जा अक्षय्य असते. गतिज नाही."

"मंग वाढलेली आली कोठून? वरतून टपकली?"

"तिनं लिहिलंय ना कुठून आली ते! हातांतून!"

"हातातून ऊर्जा निघते," सर शेजारच्या बायोलॉजीच्या सरांकडे बघून म्हणाले, "आता हिंदी पिक्चर सुरू झाला म्हना." स्टाफरूम हसली. बायोलॉजीवाले सर सगळ्यांत मोठ्यानं हसले, आणि त्यांनी तर निदान स्नायू शिकवले होते.

मी समीकरण लिहून दाखवलं. तुमच्याच नोट्समधली दोन वाक्यं एकमेकांच्या नरड्यावर बसलीत म्हटलं. संवेग कायम आणि ऊर्जाही कायम, असं असेल तर वेग वाढूच शकत नाही. आणि वेग वाढतो हे तुम्हीच लिहिलंय. त्यांनी कागद उलटा करून त्यावर सुपारी ठेवली. म्हणाले, "मॅडम, तुमी नवीन आहा. वीस वर्सांत कोनाचे मार्क कापले गेले नाई ह्या उत्तराले." पालथ्या घड्यावर पाणी. आणि वाईट म्हणजे त्यांचं म्हणणं खरंच असावं. जो तो याच नोट्स वाचलेला, तर कापणार कोण?

माझा तोल सुटला. मी म्हटलं, "चला, प्राचार्यांकडे. आत्ता."

खुर्चीत प्राचार्य बसले होते. मी म्हटलं, "सर, दोन मिनिटं उठता का? खुर्ची पाहिजे." ते उठले. का उठले, देव जाणे. माझा चेहरा बघून असेल. मी कपाटातून दगड आणले आणि चपराशाला पाठवून त्या मुलीलाही बोलावलं. ती दाराशी येऊन उभी राहिली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

"बसा सर," मी विभागप्रमुखांना म्हटलं.

"मी? ह्या खुर्चीत?"

"तुम्हीच. ती फिरून आली आहे. तुम्ही वीस वर्षं न फिरता लिहून देताय."

प्राचार्यांना मजा वाटायला लागली असावी. ते म्हणाले, "बसा हो सर, बसा." सर बसले. धोतराचा सोगा मांडीखाली घेतला, पाय उचलले, दोन्ही हातांत दगड घेऊन हात पसरले. मी खुर्चीला धक्का दिला. ते संथ फिरू लागले. टेबल, खिडकी, आम्ही, टेबल, खिडकी, आम्ही.

"आता घ्या आत."

त्यांनी हात ओढले. अर्ध्यावर थांबले. दगड आत येईनात, दंड थरथरायला लागले. मग त्यांनी दात आवळले आणि ओढलेच. खुर्चीनं असा वेग घेतला की चष्मा नाकावरून उडून फायलींच्या कपाटाखाली गेला. चपराशी हसू दाबत बाहेर पळाला. सर ओरडले, "थांबवा, थांबवा!" मी म्हटलं, "हात पसरा, सर." त्यांनी पसरले आणि खुर्ची सुस्तावली. मी ती धरली.

ते उतरले तेव्हा टेबलाचा काठ धरून थोडा वेळ उभे होते. ती मुलगी कपाटाखालून चष्मा काढून, ओढणीनं पुसून, त्यांच्यापुढं धरून उभी राहिली.

मी विचारलं, "सर, जोर लागला?"

त्यांनी चष्मा घेतला आणि डोळ्यांवर चढवला. माणूस म्हणून ते वाईट नव्हते, हीच तर पंचाईत. म्हणाले, "लागला."

"किती?"

"लय लागला." मग दंड चोळत, स्वतःशीच, "म्हंजे काम झालं. काम झालं त ऊर्जा..." आणि त्यांनी वाक्य तिथंच सोडलं.

मला वाटलं, जिंकले. किती मूर्ख होते मी! मला वाटायचं, माणसाला कळलं की तो तसं वागतो.

सर प्राचार्यांकडे वळले. "साहेब, मॅडमचं म्हननं... फिजिक्सच्या हिशोबानं बरोबर असू शकते. पन इचार करा. हिचे तीन मार्क वाढवले त बाकीच्या समद्याइचे कमी कराव लागतीन. पंधरा-वीस पोट्टे आनखी नापास होतीन. आन् पालक इचारतीन, नोट्स कोनाच्या होत्या."

प्राचार्य खुर्चीत बसले. बसताना खुर्ची किंचित फिरली, ती त्यांनी टाच टेकून थांबवली. म्हणाले, "बरोबर आहे."

"काय बरोबर आहे?" मी म्हटलं. माझा आवाज बाहेरच्या वऱ्हांड्यापर्यंत गेला असणार. "बरोबर उत्तर लिहिणारी नापास आणि चूक लिहिणारे पास, हे बरोबर आहे? चोर सोडून संन्याशाला सुळी!"

"मॅडम, आवाज खाली. आपण तिला ग्रेस देऊ. दोनच तर मार्क पाहिजेत. तिच्याकडून एक अर्ज घ्या. 'माझ्या हातून उत्तर चुकलं, सहानुभूतीनं विचार व्हावा' असा. मी सही करतो. हॉल तिकीट संध्याकाळी घेऊन जाऊ दे."

ती मुलगी तिथंच उभी होती. तिला हे सगळं ऐकू येत होतं, आणि तिच्याकडं कोणी बघत नव्हतं. मीही नाही.

ती त्या वर्षी पास झाली. डी.एड.सुद्धा झाली. हे मी मुद्दाम आधीच सांगून टाकते, कारण लोक शेवटी तेवढंच विचारतात आणि ते ऐकून समाधानानं मान हलवतात, की झालं ना सगळं नीट. नीट काही झालं नाही. पुढच्या जूनमध्ये भिंतीपलीकडच्या वर्गातून मला सरांचा आवाज आला, त्याच लयीत, त्याच जागी श्वास घेत: गतिज ऊर्जाही कायम राहते. ज्या दंडांना कळलं होतं त्याच दंडांनी ते फळ्यावर लिहीत होते. त्यांचा राग येतो, पण त्यांच्याहून जास्त माझा येतो. कारण तो अर्ज मी लिहून घेतला.

प्रयोगशाळेत, सिंकशेजारच्या टेबलावर, मी तिला बसवलं आणि कोरा कागद दिला. म्हटलं, "लिही. माननीय प्राचार्य साहेबांस." तिनं लिहिलं. "मी विनंती करते की," तिनं लिहिलं. "भौतिकशास्त्राच्या पेपरमध्ये माझ्या हातून..."

तिचं पेन थांबलं.

"मॅडम, पन ते चुकलं नाई ना?"

"नाही चुकलं."

"मंग काहून लिहू?"

मी म्हटलं, हॉल तिकिटासाठी. मामांसाठी. एका कागदानं काय होतं, खरं ते खरंच राहतं. असली पुळचट वाक्यं मी म्हटली, जी ऐकून मी इतर कोणालाही फाडून खाल्लं असतं. वर्षभर मी वर्गाला सांगत होते की न पटलेलं लिहू नका, आणि पहिल्यांदा तिनं ते ऐकलं तर मीच तिला न पटलेलं लिहायला बसवत होते. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं. अक्षर सुंदर होतं तिचं. "चूक झाली" या शब्दांवरसुद्धा सुंदरच.

खाली सही केली, कागदाची घडी घातली. उठली नाही. घडीवरून अंगठा फिरवत बसली.

"मॅडम, बोर्डात हाच प्रश्न आला त का लिहू?"

"जे खरं आहे ते."

"तेथं कोन तपासते?"

मला माहीत नव्हतं. कुठल्या तरी गावचे कुठले तरी सर, आणि त्यांच्याकडे कोणाच्या तरी नोट्स.

"तुमीच सांगा जी," ती म्हणाली. रडत नव्हती, रागावलीही नव्हती. तिला खरोखर उत्तर पाहिजे होतं. "वाढते लिहू का तसीच राहते लिहू? मले पास व्हाचं हाय."

"वाढते लिही," मी म्हणाले.

पण हळू म्हणाले. कारण दार उघडं होतं, आणि सर वऱ्हांड्यातून येत होते.